फुकटच्या टोकनची लिंक. ना ओटीपी, ना पासवर्ड, तरी वॉलेट रिकामं

बारामती/इंदापूर : १२ डिसेंबर २०२१ च्या पहाटे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या ट्विटर खात्यावरून एक लिंक पडली. सरकारने ५०० बिटकॉइन घेतलेत आणि ते सगळ्या नागरिकांना वाटणार, असा मजकूर होता. खातं काही वेळापुरतं हॅक झालं होतं. खुद्द पंतप्रधानांच्या खात्यावरून अशी लिंक येऊ शकते, तर टेलिग्राम नाहीतर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या ‘फ्री टोकन’च्या लिंकचा काय भरवसा?

यातली खरी गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका पोराच्या मेटामास्क वॉलेटमध्ये ३०० यूएसडीटी, म्हणजे साधारण ३०० डॉलर आहेत. तो लिंक उघडून Connect Wallet दाबतो. इथं साइटला फक्त त्याचा पत्ता कळतो आणि त्यात किती माल आहे ते दिसतं. पैसे अजून जागेवर असतात. मग तो Claim दाबतो आणि वॉलेट सही मागतं. खरा घात या सहीत होतो.

साइटवर ‘टोकन घ्या’ असं लिहिलेलं असतं, पण वॉलेटच्या स्क्रीनवर Approve किंवा Spending cap असे शब्द असतात. त्याचा अर्थ, ‘माझे यूएसडीटी खर्च करायचा अधिकार समोरच्याला दिला.’ जमिनीचं मुखत्यारपत्र लिहून द्यावं, तसंच हे. मर्यादा Unlimited असेल तर आजचे ३०० जातातच, उद्या भरलेलेही जातात. काही टोकनना Permit नावाची सही चालते. तिला फी लागत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो.

जुलै २०२२ मध्ये युनिस्वॅपच्या नावाने ७० हजारांवर वॉलेटमध्ये असंच खोटं टोकन आपोआप टाकलं गेलं. ते बदलून घ्यायला जे बनावट साइटवर गेले, त्यांच्यापैकी काहींनी सही केली. चोरट्यांनी ८० लाख डॉलरच्या आसपास रक्कम नेली. त्यामुळे न मागता आलेल्या टोकनला हात लावू नये.

सही होऊन गेली असेल तर नुसतं Disconnect करून भागत नाही. मुखत्यारपत्र तसंच राहतं. revoke.cash वर जाऊन ती परवानगी रद्द करावी लागते. त्याला थोडी फी पडते. पण साइटवर १२ शब्दांचा सीड फ्रेज टाकला असेल, तर रद्द करूनही उपयोग नाही. उरलेलं सगळं ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवावं.

बँकेतला चुकीचा व्यवहार कधी कधी थांबवता येतो. इथं गेलेलं टोकन परत ओढणारं कुणी नाही. तरी 1930 वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा हॅश क्रमांक जपून ठेवावा. चोरट्याने माल एखाद्या एक्स्चेंजवर नेला, तर तो गोठवायची संधी तेवढ्यावरच असते.