बुजगावणे कसे उभे राहते?



४९८ अ कलमावरच्या चर्चेत एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो : ‘म्हणजे सुनेने तक्रार केली, की म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना तुरुंगात टाकायचे, असेच ना तुमचे म्हणणे?’ मग आपण सासू-सासऱ्यांबद्दल खुलासे करत बसतो. पण ते आपले म्हणणे नसतेच. पाडायला सोपे जावे म्हणून आपल्या जागी बुजगावणे उभे केलेले असते.

ते कसे उभे राहते, हे २०१७च्या वादातून कळते. राजेश शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले, की या कलमाखालच्या तक्रारी आधी जिल्ह्यातल्या कुटुंब कल्याण समितीकडे जाव्यात आणि तिचा अहवाल येईपर्यंत सहसा अटक होऊ नये. स्त्री संघटनांची एक हरकत अशी होती, की गुन्ह्याचा तपास पोलिसांनी करायचा असतो. कायद्यात नसलेली समिती मध्ये कशाला? सरसकट अटकेची मागणी त्यात नव्हती. विनाकारण अटक करू नका, अटक केली तर कारणे लेखी नोंदवा, असे न्यायालयाने २०१४च्या अर्नेश कुमार निकालात आधीच बजावले होते.

चर्चेत मात्र शब्द सरकत गेले. ‘तपास करा’चे झाले ‘अटक करा’. ‘तक्रार ऐका’चे झाले ‘प्रत्येक तक्रार खरी माना’. ‘समिती नको’चे झाले ‘निरपराधांना संरक्षण नको’. प्रत्येक बदल छोटा, पण शेवटी उरली ती मागणी कुणीच केलेली नव्हती.

२०१८ साली न्यायालयाने समित्यांचे निर्देश मागे घेतले, अटकेवरचे निर्बंध मात्र कायम ठेवले. समिती आणि अटक हे दोन वेगळे प्रश्न होते, हे त्यातून उघड झाले. जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची समित्यांची योजना अमलात आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेव्हा हा वाद पुन्हा आपल्या दारात आहे.

म्हणून ‘म्हणजे तुमचे म्हणणे असे की...’ हे शब्द आले, की थांबा. हे कोणी, कोठे म्हटले ते विचारा. आपल्या निवेदनातले वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवा. ‘काही’चे ‘सगळे’ कुठे झाले, त्यावर बोट ठेवा. मग समितीबद्दलचे उत्तर मागा.

एक मर्यादाही ध्यानात ठेवू. निरपराध माणूस अडकला तर काय, असे कुणी विचारले, तर ते बुजगावणे नव्हे. तो खरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. असे विचारणाऱ्याला ‘तुम्हाला बायकांना मारण्याची मुभा हवी आहे’ असे म्हटले, तर बुजगावणे आपण बांधलेले असेल.