आभार मनोगतात, माणसे अनुसूची ९ मध्ये

३१ मार्चला हिशेब बंद होतात, लेखापरीक्षण होते आणि वार्षिक सभेच्या सुमारास सार्वजनिक न्यासांचे अहवाल सभासदांच्या हाती पडतात. पहिल्या पानांवर अध्यक्षांचे मनोगत असते. त्यात सभासदांचे, सहयोगी संस्थांचे आणि ‘अल्प मानधनावर निष्ठेने झटणाऱ्या कर्मचाऱ्यांचे’ आभार असतात. हे शेवटचे वाक्य वाचले की अहवालाची मागची पाने उघडावीत. माणसे ज्यासाठी झटली, ते तिथे कसे मांडले आहे ते पाहावे.

महाराष्ट्रातील नोंदणीकृत न्यासाला ताळेबंद अनुसूची ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्चाचा हिशेब अनुसूची ९ मध्ये द्यावा लागतो. अनुसूची ९ मध्ये आस्थापना खर्चाला एक ओळ आहे आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्चाला दुसरी. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य ही उद्दिष्टे या दुसऱ्या ओळीखाली येतात. परिचारिकेचा पगार यांपैकी कुठे लिहायचा?

समजा, एक न्यास फिरता दवाखाना चालवतो आणि त्याचा वर्षाचा खर्च ४० लाख रुपये आहे. डॉक्टर, परिचारिका आणि चालक यांच्या पगाराचे १८ लाख, औषधांचे ९ लाख, डिझेल आणि गाडीच्या देखभालीचे ५ लाख. कार्यालयातल्या पगारांवर ४ लाख जातात आणि भाडे, वीज, छपाई, लेखापरीक्षण यांवर आणखी ४. सगळे पगार आस्थापनेत टाकले, तर कार्यालयाच्या खर्चासह ती रक्कम २६ लाख होते, म्हणजे ६५ टक्के. दवाखान्यात काम करणाऱ्यांचे १८ लाख वैद्यकीय मदतीखाली दाखवले, तर उद्दिष्टांवरचा खर्च ३२ लाख होतो आणि आस्थापनेत उरतात ८ लाख, म्हणजे २० टक्के. दवाखाना तोच, रुग्णही तेच. पण पहिला आकडा पाहून देणगीदार बिचकतो.

मग विश्वस्त आस्थापना खर्च कमी दाखवण्याच्या मागे लागतात. पगारवाढ थांबते, कायम जागेवर वर्षावर्षाचा करार येतो, पगाराचे मानधन होते आणि भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न पुढच्या बैठकीवर जातो. अहवालात मात्र ‘प्रशासकीय खर्च किमान ठेवला’ हे भूषण म्हणून छापले जाते. मला हे अन्यायाचे वाटते. दवाखाना म्हणजे ती परिचारिका आणि तो डॉक्टर. गाडी नुसती उभी राहिली तर कुणाचा ताप उतरत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, पण त्याच्या नियमांतही रुग्णालयातील डॉक्टरांचे आणि शाळेतील शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चातून वगळलेले आहेत. एवढ्या कडक कायद्याला जे मान्य आहे, ते आपल्या विश्वस्तांनी मान्य करायला हरकत नसावी.

अर्थात कार्यालयातले पगार उद्दिष्टांत ढकलणे हीही तितकीच फसवणूक. हिशेबनीस अर्धा वेळ दवाखान्याच्या औषधांचा साठा पाहत असेल, तर त्याच्या पगाराची विभागणी करता येते. मात्र ती दरवर्षी एकाच रीतीने करावी आणि तिचा आधार टिपणात लिहावा. एखाद्या वर्षी आस्थापनेचा आकडा एकदम घसरला आणि माणसे तेवढीच असली, तर ओळी बदलल्या आहेत असे समजावे आणि कारण विचारावे. ताळेबंदातही एक गोष्ट पाहण्याजोगी असते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या आस्थापनेला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. अशा जुन्या संस्थेच्या अनुसूची ८ मध्ये इतर निधींत किंवा देण्यांत ग्रॅच्युइटीची तरतूद दिसत नसेल, तर वीस वर्षे राबलेल्या माणसाला निरोप देताना संस्था ती रक्कम कुठून आणणार?

सहयोगी संस्थांच्या आभारांतही अशीच मोघम भाषा असते. २०२० च्या त्याच दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणे बंद झाले. गावपातळीवरच्या अनेक छोट्या संस्था मोठ्या संस्थांकडून येणाऱ्या अशा पैशांवर चालत होत्या. म्हणून ‘सहयोगी संस्थांचे ऋण’ व्यक्त करताना कुणी पैसा दिला, कुणी जागा दिली, कुणी रुग्ण पाठवले आणि कुणाबरोबरचे काम या वर्षी थांबले, हे वेगवेगळे सांगावे. थांबलेल्या कामाची नोंद मनोगतात क्वचितच दिसते, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी सर्वांत उपयोगी माहिती तीच असते.

सभासदांचे आभार अध्यक्षांनी एका ओळीत मानले तरी चालेल. त्याऐवजी मनोगतात चार वाक्ये वाढवावीत: पगारावर किती माणसे आहेत, त्यांतली किती दवाखान्यात आणि किती कार्यालयात आहेत, वर्षभरात किती जण सोडून गेले, आणि त्यांचे काय देणे बाकी आहे. या प्रश्नांची उत्तरे सभेत हिशेब मंजूर होण्याआधी मागण्याचा अधिकार सभासदांना आहेच.