फोटो आवडला? आधी तो बंद करा!

मरीना बीचवरचा पहाटेचा एक फोटो मला फार आवडला. समुद्रातून वर येणारा सूर्य आणि त्यापुढे काळी दिसणारी एकच होडी. एआयला तो फोटो देऊन ‘असंच बनव’ म्हटलं असतं, तर दुसऱ्याच्या फोटोची नक्कल मिळाली असती. म्हणून फोटो नीट पाहिला, बंद केला आणि तीन गोष्टी लिहिल्या.

मांडणी: विषय एकच, लहान, उजवीकडे खाली. बाकी जागा मोकळी.
प्रकाश: मागून, खालून येणारा, सोनेरी.
भाव: शांत, वाट पाहणारा.

बघा, यात होडीही नाही आणि समुद्रही नाही! आता विषय माझा घातला, मैलापूरची फुलवाली. प्रॉम्प्ट असा झाला:

“पहाटेची अरुंद गल्ली. उजवीकडे खाली मोगऱ्याचा गजरा ओवणारी फुलवाली, आकाराने लहान. डावीकडे रिकामा रस्ता. तिच्या मागून येणारा सोनेरी उजेड, चेहरा सावलीत. पहिल्या गिऱ्हाइकाची शांतपणे वाट पाहणं.”

पहिल्या वेळी मी नुसतं ‘सुंदर सोनेरी प्रकाश’ लिहिलं होतं. चेहरा समोरून उजळला आणि चित्र जाहिरातीसारखं दिसू लागलं. ‘मागून’ हा एक शब्द घातल्यावर ते सावरलं. म्हणून प्रकाश कसा आहे एवढंच नको, तो कुठून येतो तेही लिहा.

शेवटी मूळ फोटो उघडून दोन्ही शेजारी ठेवा. पाहताक्षणी तोच फोटो वाटला, तर तिन्हींपैकी आणखी एक गोष्ट बदला. आणि हो, फोटोग्राफरचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालू नका. नाहीतर नक्कल मागच्या दाराने परत येते!