रकान्यात लिहिलं ‘हिंदी’, मूल म्हणालं ‘गोरमाटी’

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. मोबाईलमध्ये भाषांची यादी उघडा. तिथे जर्मन भाषेसमोर ‘डॉइच’ आणि जपानीसमोर ‘निहोंगो’ हीच नावं त्यांच्या त्यांच्या लिपीत दिसतात. आपली भाषाही देवनागरीत ‘मराठी’ अशीच असते. चुकून फोन जपानीत गेला, तरी त्या अनोळखी अक्षरांच्या गर्दीत आपण ‘मराठी’ शब्द ओळखतो आणि परत येतो. यादीत प्रत्येक भाषेचं नाव जपानीत असतं तर आपण अडकलोच असतो!

जर्मनचंच बघा. इंग्रज तिला ‘जर्मन’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘आलमाँ’, इटालियन ‘तेदेस्को’, पोलिश लोक ‘न्येमेत्स्की’. ही चार नावं ऐकून भाषा एकच आहे असं कुणाला वाटेल का? बोलणाऱ्याला विचारलं की उत्तर मात्र एकच, डॉइच.

आता आपल्या पन्हाळ्याकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या तालुक्यात उतरतात. त्यांची काही मुलं आपल्या वर्गात येतात. विद्यार्थ्याच्या माहितीत ‘मातृभाषा’ हा रकाना असतोच. काही वर्षांपूर्वी एका मुलीसमोर मी तिथे बिनदिक्कत ‘हिंदी’ लिहिलं. कारण काय, तर ती आपल्या भावाशी बोलताना मध्ये मध्ये ‘छ’ ऐकू यायचं आणि ते मराठी नव्हतं, एवढंच. पुढे एकदा तिला सहज विचारलं, “घरी बोलता त्या भाषेला तुम्ही काय म्हणता गं?” ती म्हणाली, “गोरमाटी.”

मी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण भाषा माझ्या ओळखीची निघाली, फक्त दुसऱ्या नावाने. आपण जिला बंजारा किंवा लमाणी बोली म्हणतो तीच ही. कर्नाटकात ती ‘लंबाणी’, तेलंगणात ‘लंबाडी’, आंध्रात काही ठिकाणी ‘सुगाली’. ही सगळी बाहेरच्यांनी दिलेली नावं. बोलणारे स्वतःला ‘गोर’ म्हणतात, बाहेरच्याला ‘कोर’, आणि भाषेला गोरमाटी किंवा गोर बोली. या बोलीला स्वतःची वेगळी लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. त्यामुळे लिपी बघून ओळखायची सोयच नाही. तीन राज्यांतली, तीन लिप्यांतली ही भाषा एकच आहे हे सांगणारा धागा म्हणजे तिच्या माणसांच्या तोंडचं नाव.

आणि आपण नाव चुकवलं की काय होतं? 2011 च्या जनगणनेत ‘बंजारी’ आणि ‘लमाणी/लंबाडी’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि दोन्ही हिंदी या मोठ्या गटाखाली मोजल्या आहेत. म्हणजे एकाच भाषेचे लोक दोन ओळींत विभागले गेले, आणि गटाची बेरीज बघणाऱ्याला तर फक्त हिंदीच दिसते. माझा रकाना तरी वेगळा काय होता?

अर्थात नुसतं नाव ऐकून भागत नाही, हेही लगेच कळलं. त्याच टोळीतला बीडचा एक मुलगा म्हणाला, “आम्ही वंजारी.” मी मनात म्हटलं, बंजारी म्हणजे तीच भाषा! पण तो तर घरी अस्सल मराठी बोलणारा. वंजारी समाज वेगळा, बंजारा वेगळा. मी भाषा विचारली होती, त्याने समाज सांगितला, आणि एका अक्षराच्या फरकाने मी पुन्हा फसत होतो. काही मुलं तर लाजून सरळ “मराठी” म्हणतात, काही नुसतं “आमची भाषा”.

म्हणून आता मी नावासोबत दोन-तीन शब्दही विचारतो. आईला काय म्हणता? उत्तर ‘याडी’ आलं तर शंका बरीच मिटते. “तुझं नाव काय?” हे तुमच्या भाषेत कसं विचारता? “तार नाम काँई छ?” असं काहीसं आलं की गोरमाटी पक्की. त्या ‘छ’वरून कुणी गुजराती समजेल, दोन्ही भाषांचं नातं आहेच, पण गुजराती मूल आईला याडी म्हणत नाही. वंजारी मुलगा हेच प्रश्न विचारल्यावर मराठीत उत्तर देऊन मोकळा झाला.

त्या मुलीसमोरची नोंद मी बदलली. पहिल्यांदा फक्त ‘गोरमाटी’ लिहिलं, तर आमच्याच शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी विचारलं, “ही कुठली भाषा?” तेव्हा पुढे कंसात ‘बंजारा, लमाणी’ जोडलं. म्हणजे शोधणारा शिक्षक कुठल्याही नावाने आला तरी सापडावी, आणि मुलीने कागद वाचला तर तिला आपलं नाव पहिलं दिसावं. हंगाम संपल्यावर ती गावी परतली, तेव्हा शिक्षण हमी कार्डासोबत तिकडच्या गुरुजींसाठी एक चिठ्ठी दिली. त्यात भाषा याच क्रमाने लिहिली होती.