स्लॅब पडण्याआधी

‘शेजाऱ्याने सामासिक अंतरात विनापरवाना खोल्या चढवल्याने आमच्या खिडक्यांचा उजेड आणि हवा बंद झाली आहे.’ अशा मजकुराचे अर्ज राज्यातल्या महापालिकांच्या आवक-जावक टेबलावर नेहमी येतात. उत्तरही ठरलेले असते: ‘सदर बाब खासगी वादाची असल्याने दिवाणी न्यायालयात दाद मागावी.’ हे उत्तर चुकीचे तर आहेच, पण घातकही आहे.

उजेडाचा खासगी हक्क 1882च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. तो मिळवायला खिडकीतून सलग वीस वर्षे निर्वेधपणे उजेड आलेला असावा लागतो. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या घरातल्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही. दोन इमारतींमधले मोकळे अंतर मात्र विकास नियंत्रण नियमांनी ठरते आणि ते राखणे हे महापालिकेचेच काम आहे. तिथे तक्रारदाराचे घर किती जुने, हा प्रश्नच उद्भवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून कार्यालय आपली जबाबदारी नागरिकाच्या गळ्यात बांधते.

तोवर शेजारी काम उरकतो. तक्रार येते तेव्हा बहुधा कॉलम उभे असतात आणि सेंट्रिंग लागलेले असते. नगररचना अधिनियम, 1966च्या कलम 54खाली त्याच वेळी काम थांबवण्याची नोटीस देता येते. ती न देता स्लॅब पडल्यावर कलम 53ची, पाडण्याची नोटीस निघते. मग बांधणारा त्याच कलमाचा आधार घेऊन बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थंड पडते. दरम्यान वर भाडेकरू येतात, आणि मग पाडायला कोणी धजत नाही. ज्याचा वीस वर्षांचा हक्क खरोखर पिकला आहे, त्यालाही हे हेलपाटे महागात पडतात, कारण उजेड अडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर तो हक्क हातचा जाऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024च्या निकालात बजावले आहे की अधिकाऱ्यांच्या दिरंगाईमुळे बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी. तो निकाल प्रभाग कार्यालयांच्या जिन्यापर्यंत तरी पोहोचला आहे का?

तक्रारदारांनीही पत्रात निव्वळ गाऱ्हाणे मांडू नये. सिटी सर्व्हे क्रमांक, काम सुरू झाल्याची तारीख, आज ते कुठवर आले आहे आणि तारखेचे फोटो द्यावेत. कलम 54खाली काम थांबवा, अशी स्पष्ट मागणी करावी आणि पोचेवर आवक क्रमांक घ्यावा. मंजूर नकाशा व प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत माहिती अधिकारात मागावी. परवानगीच नसेल, तर ते लेखी उत्तर सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

आयुक्तांनी एवढाच आदेश काढावा: अशी तक्रार आल्यावर दुसऱ्या दिवशी जागेवर पंचनामा, आणि परवानगी दाखवता आली नाही तर त्याच दिवशी काम बंद.