वाघूर आणि वेळ

आमच्या लहानपणी पोस्टकार्ड उघडेच यायचे. घरी पोहोचेपर्यंत ते पोस्टमनने, शेजाऱ्याने, काकांनी वाचलेले असायचे. म्हणून लिहिणारा जपून लिही आणि मनातले चार शब्द हळूच पेरून ठेवी. आज मोबाईल आला, तरी आपल्या घरांतून एक फोन अनेकांच्या हातांत फिरतो. तेव्हा ती जुनी रीत अजूनही कामाची आहे.

समजा, तळेगाव ढमढेऱ्याचा एक तरुण मित्रांबरोबर अजिंठ्याला गेला आहे. गावातली एक मुलगी त्याला आवडते. दोघांत थोडी थट्टामस्करी चालते, यापलीकडे काही नाही. तो वीस फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "खूप मजा येतेय, तुझी आठवण येते." हा मजकूर दहा जणींना पाठवला तरी चालेल. म्हणूनच तो तिला आपला वाटत नाही.

आता दुसरा प्रयत्न. फोटो एकच. समोरच्या टेकडीवरून लेण्यांची रांग घोड्याच्या नालासारखी वळलेली दिसते आणि खाली वाघूर नदी. तो फोटो घ्यावा. मग स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहावी आणि तिला तिच्याशी जोडणारा एक धागा. आपल्या तळेगावची नदी वेळ. पावसाळ्यात तिचे पाणी पाहायला ही मुलगी पुलावर थांबते, हे त्याला ठाऊक आहे. तो लिहितो :

"इथे वाघूर आहे, पण वेळ तळेगावातच राहिली. पुलावर थांबणारी कुणीतरी आठवली. रविवारी परत येतोय. थोडा वेळ मिळेल का?"

आई-भावाने वाचले तरी मुलीला मान खाली घालावी लागत नाही. पण पुलावरची कोण आणि कुठला 'वेळ', हे तिला बरोबर कळते. शेवटी साधा प्रश्न आहे. हसून टाळायलाही तिला जागा आहे.

संदेश संध्याकाळी पाठवावा, मध्यरात्री नव्हे. पाठवला की थांबावे. तिने उलट काही विचारले, थट्टेला थट्टेने उत्तर दिले, तर धागा जुळला. नुसते "छान" आले किंवा काहीच आले नाही, तर दुसरा संदेश पाठवू नये. "वाचलास का?" हा प्रश्न तर नकोच. आठवण दिली होती, ती वसूल करायची नसते.

एक मात्र सांगून ठेवतो. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपले नाव कोरले. ती खूण आजही तिथे आहे. आपल्या तरुणांनी तिचे नाव भिंतीवर कोरू नये. संदेशातही ते घालायची गरज नाही. वरच्या चार ओळींत नाव कुठे आहे? तरी ते तिने ओळखलेच.