नवऱ्याचे मूत्रपिंड बायकोला: अडते कुठे?

घरातला पुरुष डायलिसिसवर गेला की मूत्रपिंड द्यायला बहुधा आई किंवा बायको पुढे येते. बायको आजारी पडते तेव्हा मात्र नवरा तयार असूनही काही वेळा तपासणीत गाडी अडते. त्याचे कारण एचएलए.

एचएलए ही पेशींवरची प्रथिने म्हणजे शरीराचे ओळखपत्रच. परके ओळखपत्र दिसले की रोगप्रतिकारक पेशी हल्ला करतात. जुळणी पाहताना त्यांतील ए, बी आणि डीआर या तीन जोड्या, म्हणजे सहा खुणा प्रामुख्याने तपासतात. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून.

समजा, मुरुडच्या दोन मुलांच्या आईला मूत्रपिंड हवे आहे. नवरा आणि सख्खी बहीण तयार आहेत, तिघांचा रक्तगटही एकच आहे. बहिणीशी सहाही खुणा जुळण्याची शक्यता चारात एक, निम्म्या जुळण्याची दोनात एक. नवऱ्याशी कदाचित एखादीच जुळेल. तरी तेवढ्यावरून नवऱ्याला बाद ठरवणे चूक आहे. टॅक्रोलिमससारख्या औषधांमुळे कमी जुळणारे मूत्रपिंडही वर्षानुवर्षे काम देते.

खरा प्रश्न वेगळा आहे. गरोदरपणात बाळामार्फत नवऱ्याच्या एचएलएची ओळख तिच्या शरीराला झालेली असते. काही स्त्रियांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांची आठवण शरीर वर्षानुवर्षे ठेवते. अशा वेळी नवऱ्याचे मूत्रपिंड बसवले, तर ते काही मिनिटांत किंवा तासांत काळेनिळे पडून निकामी होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेआधी ‘क्रॉसमॅच’ करतात. त्यात रुग्णाचे सीरम दात्याच्या पांढऱ्या पेशींशी मिसळतात. पेशी मेल्या, तर धोका आहे.

हीच प्रतिपिंडे रक्त चढवल्यानेही तयार होतात. डायलिसिसच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन उतरले की रक्ताची पिशवी लावणे सोपे वाटते, पण पुढे प्रत्यारोपण करायचे असेल तर ती महाग पडू शकते. लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी भागत असेल, तर आधी तेच करावे. जिवावर बेतले असेल तर अर्थातच रक्त टाळू नये.

क्रॉसमॅच निर्धोक निघाली तरी पहिल्या काही महिन्यांत मूत्रपिंड नाकारले जाऊ शकते. तेव्हा दुखतेच असे नाही. बहुधा आधी रक्तातले क्रिएटिनिन चढते, मग बायोप्सीने खात्री करतात आणि स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने बरेचदा हल्ला आवरता येतो. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणे हे मूत्रपिंड गमावण्याचे एक नेहमीचे कारण आहे. अगदी पूर्ण जुळणारी बहीण दाता असली तरी गोळ्या चुकत नाहीत. अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा.

बहीण नसेल आणि नवऱ्याशी क्रॉसमॅच धोक्याची निघाली तर? तशीच अडचण असलेल्या दुसऱ्या जोडप्याशी दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा कायद्यातल्या 2011च्या दुरुस्तीने दिली आहे. डॉक्टरांनी ‘जुळत नाही’ म्हटले, तर नातेवाइकांनी दोन गोष्टी विचाराव्यात: खुणा जुळत नाहीत, की क्रॉसमॅच? आणि अदलाबदलीसाठी नाव नोंदवता येईल का?